शिक्का कोणाला विचारायचा

लालबाग आणि परळच्या मधल्या एका जुन्या चाळीत गेल्या काही वर्षांपासून मी दर रविवारी सकाळी कागद वाचायला बसतो. पुनर्विकासाचे वारे लागलेल्या चाळीत माणसांपेक्षा कागद जास्त फिरतात. भाडेपावती, वारसाचा दाखला, संमतीपत्र, हमीपत्र, कुठल्या तरी कार्यालयाची पोच, असे सगळे येते आणि हल्ली ते कागदाच्या रूपात कमी व मोबाइलवर पीडीएफच्या रूपात जास्त येते. माझे आयुष्य गिरगावातल्या छापखान्यांत गेले. खिळे जुळवण्यापासून मुद्रिते तपासण्यापर्यंत सगळी कामे केली, त्यामुळे ठसा कसा उठतो हे डोळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लोक पडद्यावरचा जांभळा गोल शिक्का मोठा करून समोर धरतात आणि विचारतात, ‘‘काका, हा खरा आहे की चिकटवलेला?’’

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे तर प्रश्नाचे दोन तुकडे करावे लागतात. शिक्का त्या कागदावर उठला होता की दुसऱ्या पानावरून आणून बसवला, हा एक प्रश्न. ज्या कार्यालयाचे नाव शिक्क्यात आहे त्याने तो कागद खरोखर दिला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कधी कधी डोळे देतात. दुसऱ्याचे उत्तर डोळे कधीच देत नाहीत. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की खोट्या कागदाला मान मिळतो आणि खऱ्या माणसाचा अपमान होतो. दोन्ही मी पाहिले आहे आणि दुसऱ्यात माझा स्वतःचा हात होता.

आधी ठशाविषयी. रबरी शिक्का म्हणजे एक साचा. तो पॅडवर टेकवायचा आणि कागदावर दाबायचा. पॅड कुठे ओले असते, कुठे सुकलेले. हाताचा दाब एका बाजूला जास्त पडतो. कागदाखाली फाईल असेल तर ठसा वेगळा, टेबलाची काच असेल तर वेगळा. त्यामुळे एकाच शिक्क्याचे शंभर ठसे घेतले तर शंभरही एकमेकांचे भाऊ दिसतील, पण एकही दुसऱ्याची सावली नसेल. ठशातले दोष दोन जातींचे असतात. रबराचाच टवका उडाला असेल, एखाद्या अक्षराची वेलांटी झिजली असेल, तर तो दोष प्रत्येक ठशात त्याच जागी दिसणार. हा कायमचा दोष. शाई न लागल्याने कडेचा एक तुकडा कोरा राहिला, हात हलून एक अक्षर पसरले, मध्ये एखादा केस आला, तर तो दोष त्या एका ठशापुरता. हा प्रसंगाचा दोष. छापखान्यात मोडका खिळा आणि शाईचा डाग यांतला फरक पहिल्या महिन्यात शिकवत. स्कॅनमधला शिक्का तपासताना मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली विद्या हीच.

ती उपयोगी कशी पडली, ते सांगतो. चाळीतल्या चार कुटुंबांना भाडेकरूंच्या यादीतले नाव दुरुस्त करून हवे होते. मूळ भाडेकरू वारलेले, मुलांची नावे लागायची राहिलेली. एका मध्यस्थाने चौघांकडून पैसे घेतले, अर्ज कार्यालयात दिल्याचे सांगितले आणि चौघांना मोबाइलवर पोच पाठवली. चार अर्ज, तीन महिन्यांतल्या चार वेगवेगळ्या तारखा, प्रत्येकावर गोल शिक्का, कडेने कार्यालयाचे नाव, मध्ये तारीख, बाजूला पेनने आवक क्रमांक. एकेकटा पाहिला तर कुठलाच कागद खटकत नव्हता. चारही घरांतल्या माणसांनी आपापली पोच जपून ठेवली होती आणि ती एकमेकांना दाखवायचे कोणालाच सुचले नव्हते.

मी चारही मोठ्या आकारात छापून घेतल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. घड्याळात जिथे सातचा आकडा असतो, त्या जागी शिक्क्याची कड तांदळाच्या दाण्याएवढी कोरी होती, चारही ठिकाणी. कार्यालयाच्या नावातल्या एका ‘क’चे शेपूट तुटलेले होते, तेही चारही ठिकाणी. शिक्का डावीकडे किंचित कललेला होता आणि तो कलही सारखाच. मग दोन-दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. कड कडेवर बसली, अक्षर अक्षरावर बसले, कोरी जागा कोऱ्या जागेवर बसली. फक्त मधली तारीख वेगळी होती.

इथेच निकाल देण्याचा मोह होतो, पण दोष कायमचा असेल तर ही एकरूपता निर्दोष ठरते. म्हणून पाचवा कागद लागला. त्याच मजल्यावरच्या एका बाई त्याच महिन्यांत स्वतः रांगेत उभ्या राहून आपला अर्ज देऊन आल्या होत्या आणि त्यांच्याकडे शिक्क्याची मूळ पोच होती. त्या ठशात ‘क’चे शेपूट तुटलेलेच होते. पण सातच्या जागची कड पूर्ण उमटली होती आणि शिक्का उजवीकडे कलला होता. म्हणजे तुटके शेपूट रबराचे आणि कोरी जागा एका विशिष्ट क्षणाची. तीन महिन्यांत चार वेळा शिक्का मारताना शाई नेमकी त्याच दाण्याएवढ्या जागी चार वेळा लागली नाही आणि हातही चार वेळा तेवढाच कलला, असे होत नाही. चारही शिक्के एकाच ठशाची चित्रे होती, मधली तारीख पुसून नवी बसवलेली.

हल्ली शाई आतच भरलेले शिक्के मिळतात. त्यांचे ठसे जुन्या पॅडच्या ठशांपेक्षा बरेच एकसारखे उठतात, म्हणून नुसत्या सारखेपणावर विसंबू नये. पण त्या शिक्क्याचाही कल आणि कागदावरची जागा हात ठरवतो. म्हणून प्रसंगाचा दोष, कल आणि जागा या तीनही गोष्टी जुळल्या तरच मी बोलतो.

बाकीच्या खुणा याहून कमजोर असतात, हे मुद्दाम सांगतो, कारण लोक आधी त्याच पाहतात. शिक्का दुसरीकडून कापून आणला की त्याच्याबरोबर मूळ कागदाचा रंगही थोडा येतो. फोनमधल्याच चित्र सुधारण्याच्या सोयीने उजेड कमी आणि उठाव जास्त केला की शिक्क्याभोवती फिकट चौकोन दिसू लागतो. छापील ओळीवर शिक्का पडला असेल तर खऱ्या कागदावर काळे अक्षर काळेच राहते आणि जांभळी शाई त्याच्या दोन्ही बाजूंना दिसते. चौकोनासकट चिकटवलेल्या शिक्क्याखाली ओळ मध्येच कापल्यासारखी होते. तिसरी खूण बारकाव्याची. 40 मिलिमीटरचा गोल शिक्का 300 डीपीआयने स्कॅन केला तर तो साधारण 470 ठिपके रुंद येतो, 72 डीपीआयच्या चित्रातून उचलला असेल तर जेमतेम 113. म्हणून मजकूर रेखीव आणि शिक्का धुक्यातला, असे दिसले की संशय येतो. संगणकाची थोडी सवय असणाऱ्याला पीडीएफच्या पोटात किती चित्रे आहेत तेही पाहता येते:

```
pdfimages -list poch.pdf
```

एका पानाचे एकच मोठे चित्र दिसले तर ते साधे स्कॅन. पूर्ण पानाच्या चित्राशिवाय शिक्क्याएवढे छोटे, वेगळ्या बारकाव्याचे चित्र दिसले तर विचारायला जागा आहे. पण ज्याला फसवायचेच आहे तो शिक्का बसवलेले पान छापतो आणि पुन्हा स्कॅन करतो. मग चौकोन विरतो, थर एक होतात, बारकावा सारखा होतो, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर तर शाईचा रंगही जातो. एका ठशाची दोन पाने हाती लागली तर प्रसंगाच्या दोषाची पुनरुक्ती मात्र या सगळ्यातून बहुधा टिकून राहते. एकच पान हाती असेल, तर बहुतेक वेळा हातात काहीच नसते.

याची उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. हुबेहूब चिकटवलेला दिसणारा शिक्का पूर्ण खरा असू शकतो. कार्यालयांतली आणि झेरॉक्सच्या दुकानांतली अनेक यंत्रे फाईल लहान करण्यासाठी पानाचे थर पाडतात. काळी अक्षरे वेगळ्या थरात, चांगल्या बारकाव्याने. कागदाचा रंग आणि शाईचे डाग दुसऱ्या थरात, भरड करून. यंत्राला शिक्का म्हणजे काय ते कळत नाही. जांभळ्या ठशाचा गडद भाग त्याला अक्षर वाटला तर तो रेखीव थरात जातो आणि फिकट भाग पार्श्वभूमीत जाऊन पुसट होतो. दोन थरांच्या सीमेवर पांढरी कड उमटते. वर सांगितलेली प्रत्येक कमजोर खूण अशा निर्दोष स्कॅनमध्ये आपोआप तयार होते, पीडीएफमधली वेगवेगळी चित्रेसुद्धा.

यावरून जगात एक मोठा गदारोळ झाला होता. 27 एप्रिल 2011 रोजी अमेरिकेच्या व्हाइट हाऊसने अध्यक्ष बराक ओबामा यांच्या जन्मदाखल्याची पीडीएफ प्रसिद्ध केली. लोकांनी ती उघडली, तिचे थर सुटे केले आणि तारखेचा व निबंधकाचा शिक्का वेगळ्या थरात सापडताच ते चिकटवलेले असल्याचा डांगोरा पिटला. पुढे झेरॉक्स कंपनीच्या एका नेहमीच्या यंत्रावर साधा कागद स्कॅन करूनही तसेच थर, तशाच पांढऱ्या कडा येतात हे लोकांनी करून दाखवले. दाखला देणाऱ्या हवाई राज्याच्या आरोग्य खात्याने नोंद आपल्याकडे असल्याचे आधीपासून सांगितले होते. ज्यांनी खात्याचे ऐकायचे सोडून फाईलच्या आतड्यांत सत्य शोधले, ते वर्षानुवर्षे चुकत राहिले. 2013 मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने तर याहून चमत्कारिक गोष्ट उघड केली. झेरॉक्सची काही यंत्रे जागा वाचवण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांचे एकच चित्र साठवून ते सगळीकडे वापरत होती, आणि त्यामुळे एका घराच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळे बदलली होती. 21.11 चौरस मीटरच्या खोलीवर 14.13 छापून आले होते. चिकटवाचिकटवी खरीच झाली होती, पण ती यंत्राने, कोणाच्याही मनात नसताना केली होती.

माझ्या हातून झालेली चूक याच जातीची. एक गृहस्थ वडिलांचे गिरणीतले सर्व्हिस सर्टिफिकेट मोबाइलवर घेऊन आले. मजकूर स्वच्छ, शिक्का पुसट, भोवती पांढरी कड. चार पोचांचे प्रकरण ताजे होते आणि माझा आत्मविश्वासही. मी चारचौघांत म्हणालो, ‘‘हा चिकटवलेला दिसतोय.’’ ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी गावच्या घरातल्या ट्रंकेतला मूळ कागद घेऊन आले. शाई कागदाच्या धाग्यांत झिरपून पाठीमागे फिकट उमटली होती. कागदाची घडी जिथे झिजली होती तिथे ठसाही कागदाबरोबर तुटला होता. साहेबाच्या सहीची रेघ शिक्क्यावरून गेली होती आणि तिथे दोन्ही शाया एकमेकींत मिसळल्या होत्या. मूळ कागदावर दिसणाऱ्या या तिन्ही गोष्टी दुकानातल्या यंत्राने पुसून टाकल्या होत्या. मी त्यांची माफी मागितली, पण चारचौघांत गेलेली वडिलांची अब्रू माफीने लगेच परत येत नाही. तेव्हापासून स्कॅन पाहून ‘खोटा’ हा शब्द मी उच्चारत नाही. ‘मूळ पाहू या’ एवढेच म्हणतो.

या दोहोंशिवाय तिसराही प्रकार आहे आणि तो टाळेबंदीपासून फार वाढला. शिक्का खरोखर चिकटवलेला असतो आणि कागद तरीही खरा असतो. संस्थेचे सचिव स्वतःच शिक्क्याचे आणि सहीचे चित्र संगणकात ठेवतात आणि प्रत्येक पत्रावर बसवून पाठवतात. सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण ही सवय मला घातक वाटते. शिक्का संस्थेच्या कपाटात कुलपात असायचा तो आता पत्र मिळालेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो, कोणीही उचलावा असा. शिवाय लोकांना ती ‘डिजिटल सही’ वाटते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 प्रमाणे डिजिटल सही म्हणजे फाईलला गणिताने बांधलेले कुलूप. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी ते तुटल्याचे कळते. शिक्क्याच्या चित्राने असे काहीच बांधले जात नाही. संस्थांनी चित्र बसवणे थांबवावे. एक तर कागदावर शिक्का मारावा, नाहीतर खरी डिजिटल सही करावी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, कागद खरोखर त्या कार्यालयाने दिला का. कल्याण-डोंबिवलीचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगीचे बनावट कागद तयार करून, ते महारेराकडे सादर करून इमारतींची नोंदणी मिळवण्यात आली. हे 2022 मध्ये उघडकीला आले. एका वास्तुविशारदाने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने अशा 65 बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले. घरे घेणाऱ्यांनी नोंदणी पाहिली होती, कागद पाहिले होते, बँकांची कर्जेही काढली होती. त्या परवानग्यांवरचे शिक्के किती सफाईने उठवले होते हा तिथे मुद्दाच नव्हता. परवानगी देणाऱ्या महापालिकेला ‘हा कागद तुमचा का?’ असे वेळेवर विचारले गेले असते तर उत्तर ‘नाही’ असे आले असते. पुढे महारेराने परवानग्यांची खातरजमा थेट त्या त्या स्थानिक संस्थेकडून करून घ्यायला सुरुवात केली. उपाय योग्यच होता, पण तो आला तेव्हा माणसे त्या घरांत राहायला गेली होती.

चार पोचांच्या प्रकरणातही शेवटचा निर्णय माझ्या खिडकीच्या काचेवर झाला नाही. एकसारख्या ठशांनी एवढेच सांगितले की विचारायला जायला हवे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून आवक नोंदवही पाहायला मागता येते आणि माहिती देण्यासाठी कायद्याने 30 दिवसांची मुदत आहे. चौघांनी तसा अर्ज केला. नोंदवहीत ते चारही आवक क्रमांक होते, पण दुसऱ्याच लोकांच्या, दुसऱ्याच विषयांच्या कागदांसमोर. तेव्हा कुठे पोलिसांकडे जाण्याजोगे काही हाती आले. आणि उरलेले महत्त्वाचे काम म्हणजे चौघांनी स्वतः जाऊन नवे अर्ज दिले, कारण पोच खोटी ठरली तरी नावे लागायची राहिलीच होती.

कायद्याचा कलही असाच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही, जुन्या कायद्याप्रमाणेच, कागदाच्या मजकुरासाठी मूळ कागद हा प्राथमिक पुरावा आणि त्याची प्रत दुय्यम. बनावट कागद खरा म्हणून वापरणे आणि बनावटीसाठी खोटा शिक्का तयार करणे किंवा जवळ ठेवणे, हे भारतीय न्याय संहितेत वेगवेगळे गुन्हे आहेत. कोणावर आरोप करायचा तर या दोहोंतला कोणता आणि कोणावर, हे आधी ठरवावे लागते. ज्याच्या फोनमध्ये खोटी पोच आहे तो बहुतेक वेळा फसवणारा नसून फसलेला असतो.

माझ्या म्हणण्याला एक आक्षेप आहे आणि तो परळ-लालबागात सर्वांत खरा आहे. विचारायला कार्यालयच उरले नसेल तर? 18 जानेवारी 1982 चा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. ज्यांच्या शिक्क्यावर माणसाची उभी नोकरी टांगलेली, त्या गिरण्यांचे टाइमकीपर, हजेरीपट, शिक्के, काहीच जागेवर नाही. म्हाडाच्या घरासाठी 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो हे कामगाराने किंवा वारसाने दाखवायचे, तेही चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदांवरून. अशा ठिकाणी बनावटीला वाव असतो आणि खऱ्या माणसाला स्वतःला खरे ठरवणे सर्वांत अवघड जाते.

इथेही मार्ग शिक्क्याकडे निरखून पाहण्याचा नाही. गिरणी मेली तरी तिने दुसऱ्या वह्यांत टाकलेल्या नोंदी मेलेल्या नसतात. कामगाराचा भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक एका कार्यालयात असतो, राज्य विमा योजनेचा क्रमांक दुसऱ्या. उपदान मिळाले असेल तर त्याचा आदेश असतो. तिकीट क्रमांक, पगार पावती, लाल पास हे घरातले कागद. म्हाडाने पात्रतेसाठी एकाच कागदावर न विसंबता अशा अनेक कागदांची यादी ठेवली, हे शहाणपणाचे आहे. शिक्का बनवणारा एका कागदावर एक ठसा बसवू शकतो, पण एकमेकींना न ओळखणाऱ्या तीन-चार कचेऱ्यांच्या जुन्या नोंदींत तोच तिकीट क्रमांक आणि तेच नाव पेरणे त्याला जमत नाही. त्या गृहस्थांच्या वडिलांचेही तसेच झाले. सर्टिफिकेटवरचा क्रमांक पगार पावतीवर होता आणि विमा कार्डावरचे नाव व वर्ष जुळत होते. हे मी आधी पाहिले असते तर पांढऱ्या कडेकडे लक्ष देण्याची गरजच पडली नसती.

म्हणून रविवारी कोणी फोन पुढे केला की मी आता शिक्क्याकडे शेवटी पाहतो. आधी जावक किंवा आवक क्रमांक वाचतो, तारीख वाचतो, कार्यालय कोणते ते पाहतो आणि कागदावर लिहून देतो की हा क्रमांक या वहीत, या तारखेला शोधायचा. स्कॅनमधल्या शिक्क्याचा मला वाटणारा उपयोग एवढाच, आणि तो काही कमी नाही: तो आपल्याला कोणाच्या दारात जायचे ते सांगतो. लोक थोडे निराश होतात, कारण त्यांना लगेच ‘खरा’ किंवा ‘खोटा’ ऐकायचे असते. ते गृहस्थ अजूनही येतात, शेजाऱ्यांचे कागद घेऊन. परवा कोणीतरी फोन पुढे करून म्हणाले, ‘‘काका, शिक्का बघा ना.’’ मी काही म्हणायच्या आधी ते गृहस्थच म्हणाले, ‘‘शिक्का राहू दे. नंबर काय आहे ते सांगा.’’